पास झाल्याचा संदेश: पुढच्या बाईच्या कामी यावा असा



आज आम्ही एका छोट्या संदेशाबद्दल बोलणार आहोत. परीक्षा पास झाली की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो ना, तो संदेश. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? पास झालो, कळवलं, लोकांनी अभिनंदन केलं, संपलं. आम्हालाही तसंच वाटायचं. पण असाच एक संदेश आमच्या ग्रामसंघातल्या एका बाईला महागात पडला.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातली एक बाई १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी पास झाली. तिने ग्रुपवर लिहिलं, 'संसार सांभाळून दोनच महिन्यांत दहावी काढली.' आमच्यातल्या दोघींनी ते वाचलं आणि गेल्या वर्षी फॉर्म भरले. एक जुलैपासूनच अभ्यासाला लागली. दुसरी म्हणाली, दोन महिन्यांत होतं ना, मग आतापासून कशाला? ती जानेवारीत बसली. मार्चमध्ये दोघींनी परीक्षा दिली. पहिली पास झाली. दुसरी गणितात ३१ गुणांवर अडकली.  थोडे गुण कमी पडले. हे आम्ही तिला विचारूनच सांगत आहोत.

ज्या बाईने 'दोनच महिन्यांत' लिहिलं होतं, तिला आम्ही नंतर भेटून विचारलं. तेव्हा कळलं की ती नववीपर्यंत शाळेत शिकलेली होती आणि रोज संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेता घेता तिचीही उजळणी होत होती. शेवटचे दोन महिने तिने जोर लावला, एवढंच खरं. ती खोटं बोलली नव्हती. आनंदाच्या भरात तिने शेवटचा तुकडा तेवढा सांगितला.

आता निकालाच्या दिवसाकडे येऊ. पास झालेली ताई दुपारी आमच्याकडे आली, मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, 'मॅडम, टाकू का?' तिने लिहिलं होतं ते असं:

'कोण म्हणतं चाळिशीला आल्यावर शिकता येत नाही? मी करून दाखवलं! शेतीकाम, घरकाम, गटाचं काम सगळं सांभाळून दोनच महिन्यांत दहावी पास. गणितातसुद्धा ४१ गुण!! घरच्यांचा पाठिंबा आणि देवाची कृपा. मला जमलं तर सगळ्यांना जमेल.' खाली गुणपत्रिकेचा फोटो.

वाचून आम्हालाही आनंद झाला. तिने खरोखर कष्ट घेतले होते, आम्ही पाहिले होते. पण मग आम्ही तिला विचारलं, 'ताई, हा संदेश तुझी मैत्रीण वाचेल. ३१वर अडकलेली. तिला यातून काय मिळेल?' ताई गप्प झाली. मग म्हणाली, 'मग टाकूच नको का?' आम्ही म्हटलं, टाक, जरूर टाक. पण आधी तिच्या घरी जाऊन ये. तिला हे ग्रुपवर चाळीस अंगठ्यांच्या खाली कळायला नको, तुझ्या तोंडून कळू दे. संदेश उद्या टाकू. तोवर आपण तो नीट करू.

ताई गेली आणि तासाभराने परत आली. तिची मैत्रीण रडली होती आणि मग तिने एकच प्रश्न विचारला होता, 'तू गणित नेमकं कसं केलंस?' ताई म्हणाली, 'मॅडम, माझ्या संदेशात याचं उत्तरच नाही.' तिथून आम्ही दोघींनी संदेश दुरुस्त करायला घेतला. काय काय बदललं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, वेळ. आम्ही विचारलं, 'दोन महिने कुठून आले?' ती म्हणाली, 'जानेवारी-फेब्रुवारीत जास्त केला ना, म्हणून.' मग तिने घरून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. ज्या दिवशी अभ्यास झाला त्या तारखेवर ती खूण करायची. आम्ही खुणा मोजल्या. जुलै ते फेब्रुवारी मिळून १६८ भरल्या. ती पहाटे साडेचार ते सहा बसायची, म्हणजे रोजचा दीड तास. हिशोब केला तर २५२ तास झाले. मध्ये सोयाबीनच्या काढणीत सलग २२ दिवस खूणच नव्हती. ताई म्हणाली, हे खाडे लिहू नका, लाज वाटते. आम्ही म्हटलं, हेच आधी लिही. जिच्या शेतात सोयाबीन आहे तिचे हे दिवस जाणारच आहेत. ते गेले तरी पास होता येतं, हे तिला यातूनच कळेल. आणि आठ महिने आधी सुरुवात करावी लागते, हेही कळेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वेळ कमी सांगितला की आपण हुशार दिसतो. पण ऐकणारी त्या आकड्यावर स्वतःचं नियोजन करते. वेळ खरा सांगितला की आपण थोड्या साध्या दिसतो आणि तिचं वर्ष वाचतं. तुमच्याकडे कॅलेंडर नसेल, वहीत तारखा नसतील, तर अंदाजाने सांगा, पण 'अंदाजे' हा शब्द घाला. आणि आधीचं शिक्षणही एका वाक्यात सांगा. सातवीला शाळा सुटलेली आणि नववीला सुटलेली यांचे दोन महिने सारखे नसतात.

दुसरं, पद्धत. ताईने पहिल्या संदेशात 'सगळं सांभाळून' लिहिलं होतं. त्यातून तिने काय केलं ते कळत नाही. आम्ही तिला विचारत गेलो आणि ती सांगत गेली. नोव्हेंबरात तिने बीजगणिताचा जुना पेपर सोडवला. घड्याळ लावून, दोन तासांत, पुस्तक बंद ठेवून. ४० पैकी ९ गुण आले. त्या दिवशी तिला वाटलं, सोडून द्यावं. मग पुतण्याने सांगितलं, काकू, चुका वेगळ्या वहीत लिही. तिने एका पानावर तीन रकाने पाडले. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात आपण काय चुकलो, तिसऱ्यात बरोबर पायरी. दर रविवारी एक पेपर, आणि सोमवारी पहाटे फक्त चुकांची वही.

दोन-तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा तिला दिसलं की निम्म्याहून जास्त चुका एकाच प्रकारच्या आहेत. समीकरणात संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना अधिकचं वजा करायचं राहून जात होतं. म्हणजे तिला धडा समजत नव्हता असं नाही. चिन्ह सुटत होतं. मग तिने प्रत्येक उदाहरणात आलेलं उत्तर पुन्हा मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते बघायची सवय लावली. फेब्रुवारीत ९चे १६ झाले. मार्चच्या परीक्षेत बीजगणितात १४, भूमितीत १२ आणि अंतर्गत १५ मिळाले. झाले ४१.

आता बघा, '४१ गुण!!' असं लिहिलं तर ती मिरवणूक वाटते. पण '९चे १६ कसे झाले' हे लिहिलं तर तो रस्ता होतो. आकडा दोन्हीकडे आहे. पहिल्यात तो ताईचा आहे, दुसऱ्यात वाचणारीच्याही कामाचा आहे. म्हणून आम्ही ठरवलं की अंतिम गुण एकदाच सांगायचे आणि सुरुवातीचे कमी गुणही सांगायचे. उद्गारचिन्हं सगळी काढली.

तिसरं, मदत. 'घरच्यांचा पाठिंबा' हे आपण सगळ्याच लिहितो. त्यातून काहीच कळत नाही. आम्ही विचारलं, 'पहाटे साडेचार ते सहा तू वही घेऊन बसायचीस, मग भाकरी कोण करायचं?' ताई हसली. जाऊ करायची. आठ महिने. आणि भूमिती पुतण्याने शिकवली. हे लिहायलाच हवं. एक तर तो जावेचा हक्क आहे. दुसरं म्हणजे, जिच्या घरात जाऊ नाही, ती बाई 'सगळं सांभाळून' वाचते आणि मनात म्हणते, तिला जमतं, मलाच जमत नाही, मीच कमी आहे. भाकरीचं कळलं की ती म्हणेल, मला पहाट मिळणार नाही, मी दुपार शोधते. नाव घालण्याआधी मात्र त्या माणसाला विचारा. जावेने सांगितलं, नाव नको, 'जाऊ' एवढंच लिही. आम्ही तेवढंच लिहिलं.

चौथं, शब्द. आपल्या मराठीत एक बारीकसा 'च' आहे. तो फार काम करतो. दोनच महिन्यांत. मीच केलं. एकटीनेच केलं. 'सुद्धा' त्याचाच भाऊ. 'करून दाखवलं' हाही तसाच. दाखवलं म्हणजे कोणाला तरी दाखवलं, कोणाला तरी हरवलं. आम्ही ताईला म्हटलं, संदेश मोठ्याने वाच आणि जिथे 'च' येईल तिथे थांब. तो काढला तर वाक्य खोटं होतं का? होत नसेल तर काढून टाक. 'करून दाखवलं'चं 'केलं' झालं.

'मला जमलं तर सगळ्यांना जमेल' या वाक्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. ताईच्या मनात चांगलाच हेतू होता. पण जिला जमलं नाही तिच्या कानाला ते कसं लागतं? सगळ्यांना जमतं, मग मला का नाही? आणि ते खरंही नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस असतं, कोणाचं पेपरच्या दिवशीच बाळंतपण येतं. त्या वाक्याच्या जागी आम्ही आपण काय देऊ शकतो ते लिहिलं.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही उलट्या टोकाला जाल. बढाई नको म्हणून आपल्यातल्या पुष्कळ जणी लिहितात, 'माझा काही अभ्यासच झाला नव्हता, देवाने पार पाडलं.' हा नम्रपणा वाटतो. पण यातही १६८ पहाटा झाकल्या जातात. वाचणारी म्हणते, अभ्यास न करता पास झाली, म्हणजे नशीबच लागतं. बढाई मारली काय किंवा स्वतःला शून्य करून सांगितलं काय, दोन्हीत पद्धत लपते. ताईने देवाचे आभार ठेवावेत असं आम्ही म्हटलं. तिचा तो भाव आहे. फक्त त्याच्या शेजारी कॅलेंडरही ठेवावं.

पाचवं, फोटो. गुणपत्रिकेचा फोटो टाकू नका. तिच्यावर बैठक क्रमांक असतो आणि आईचं नाव असतं. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल बघायला याच दोन गोष्टी लागतात. ग्रुपवरून तो फोटो कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. ताईने त्याऐवजी चुकांच्या वहीच्या एका पानाचा फोटो काढला. खाडाखोड, पुतण्याच्या लाल पेनच्या खुणा, सगळं दिसत होतं. तिला आधी संकोच वाटला. पण पुढे बायकांनी मोठं करून पाहिला तो हाच फोटो.

एवढं सगळं केल्यावर संदेश असा झाला. आम्ही वाचून दाखवतो.

'ताईंनो, मी मार्चमध्ये १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली होती. पास झाले. माझी शाळा सातवीला सुटली होती. गणिताची भीती होती, त्यात १०० पैकी ४१ आले.

अभ्यास जुलै ते फेब्रुवारी केला, पहाटे साडेचार ते सहा. कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या तर १६८ दिवस झाले. सोयाबीनच्या काढणीत २२ दिवस वही उघडली नाही.

नोव्हेंबरात बीजगणिताचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवला तेव्हा ४० पैकी ९ आले. मग दर रविवारी एक पेपर सोडवला आणि चुका वेगळ्या वहीत लिहिल्या. बऱ्याच चुका अधिक-वजाच्या निघाल्या. उत्तर परत समीकरणात घालून बघायला लागले तेव्हा कमी झाल्या. फेब्रुवारीत १६पर्यंत गेले.

भूमिती पुतण्याने शिकवली. पहाटेची भाकरी आठ महिने जावेने केली. इंग्रजी मला अजून जमत नाही, त्यात काठावर पास आहे, त्यामुळे त्याचं काही विचारू नका.

जुने पेपर आणि चुकांची वही माझ्याकडे आहे. कोणाला बघायची असेल तर दुपारी दोननंतर घरी या.'

पहिल्या दोन ओळींत ती पास झाल्याचं येतं, कारण आनंदाची बातमी लपवायची नाही. शिवाय लांब संदेश मोबाईलवर अर्धाच दिसतो. बाकीचा दाबल्याशिवाय उघडत नाही, म्हणून मुख्य गोष्ट वर हवी. इंग्रजीची ओळ ताईने स्वतःहून घातली. आम्हाला ती फार आवडली. आपल्याला काय येत नाही हे सांगितलं की जे येतं म्हणून सांगतो त्यावर लोकांचा विश्वास बसतो. आणि शेवटी दुपारी दोनची वेळ दिली आहे. 'केव्हाही विचारा' असं म्हटलं की कोणी विचारत नाही. वेळ दिली की बाया येतात.

आपल्या गटात ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ताईने हाच मजकूर बोलूनही पाठवला. लिहिलेलं समोर ठेवून सावकाश बोलली तर मिनिट-दीड मिनिटात संपतं. बोलताना तिच्या लक्षात आलं की एक वाक्य जीभ अडखळेल असं लांब आहे. तिथे तिने दोन वाक्यं केली. म्हणून आमचं सांगणं आहे, लिहिलेला संदेश पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. अडखळलं की समजावं, तिथे काहीतरी जास्त झालंय. तरी चुकून काही राहिलं आणि संदेश गेला, तर पंधरा मिनिटांच्या आत त्याच संदेशावर बोट दाबून धरून दुरुस्ती करता येते. त्यानंतर करता येत नाही.

मैत्रिणींनो, या पद्धतीलाही मर्यादा आहे, तीही सांगतो. असा संदेश लिहिला तरी कोणी ना कोणी म्हणेलच, 'बघा, मिरवतेय.' ताईलाही एकीने तसं ऐकवलं. त्याला इलाज नाही, आणि त्यासाठी संदेश आणखी बारीक करत बसू नये. आपण बघायचं ते एवढंच की खाली येणाऱ्या उत्तरांत नुसते अंगठे आहेत की प्रश्नही आहेत. ताईच्या पहिल्या संदेशाला सगळे अंगठेच आले असते. दुसऱ्याला अंगठे आले, आणि त्यांच्या मधूनमधून प्रश्न आले. जुने पेपर कुठे मिळाले? फॉर्म कधी निघतो? शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर काय करायचं? असे प्रश्न आले की समजावं, संदेश पोचला.

आणि ३१वर अडकलेली ती मैत्रीण? संदेश गेला त्याच दिवशी दोन वाजता ती ताईच्या ओट्यावर होती. स्वतःचा मार्चचा बीजगणिताचा पेपर तिने पुन्हा घड्याळ लावून सोडवला आणि चुका तीन रकान्यांत मांडल्या. तिच्या चुका ताईसारख्या निघाल्या नाहीत. चिन्हं तिची बरोबर होती. तिचा वेळ संपत होता. पहिल्याच अवघड उदाहरणावर ती अर्धा तास अडकून बसायची आणि मागची सोपी उदाहरणं तशीच राहायची. म्हणजे ताईचा उपाय तिच्या कामाचा नव्हता, पण ताईची वही कामाची ठरली, कारण तिच्यामुळे आपलं दुखणं कुठे आहे ते तिला सापडलं. आता ती पेपर हातात आला की आधी येणारी उदाहरणं सोडवते आणि अवघड शेवटाला ठेवते. पुरवणी परीक्षा तिने दिली आहे. निकाल अजून लागायचा आहे.

ती पास झाली तर संदेश लिहील. तिने आम्हाला आत्ताच सांगून ठेवलंय की पहिल्या ओळीत काय लिहायचं ते ठरलंय: 'मी पहिल्यांदा ३१वर नापास झाले होते.' नाही झाली पास, तरी हीच ओळ कामाची आहे, कारण तिची वही आता भरली आहे आणि ती बघायला येणारी पुढची बाई तयार आहे.

तुमच्या गटात कोणी दहावी, बारावी, संगणकाची, शिवणकामाची, कसलीही परीक्षा पास झाली असेल, तर तिचा संदेश पाठवण्याआधी एकदा दोघींनी मिळून वाचा. आणि तिला कॅलेंडर आणायला सांगा.